दळणाचा डबा आणि पहिलं वाक्य : एका ललित लेखाच्या कामाच्या नोंदी

१ जून

ओळखीच्या एक बाई छोटा दिवाळी अंक काढतात, त्यांनी ‘लहानपणीची एक आठवण’ या विषयावर लेख मागितलाय. मर्यादा १५०० शब्द, जुलैअखेर द्यायचा. फोनवर हो म्हणालो, कारण आठवणी काय ढिगानं आहेत, एका रविवारात होऊन जाईल असं वाटलं. आज तो रविवार होता आणि दिवसभरात फक्त यादी झालीये. ही नोंदवही ठेवतोय कारण असलं काम पहिल्यांदाच करतोय आणि पुढं कुणाला करायचं असेल तर निदान कुठं वेळ जातो ते तरी कळेल.

यादीत आत्ता उरलेले चार विषय :

१९९३ चा किल्लारीचा भूकंप, म्हणजे पुण्यात आम्हाला जाणवला तेवढा. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायले तो दिवस. पेशवे पार्कातली फुलराणी. आणि शेवटी, नुसतंच ‘दळण’ असं लिहून ठेवलंय, का ते मलाच नीट माहीत नाही.

४ जून

भूकंपापासून सुरू केलं कारण तो सगळ्यात ‘मोठा’ वाटत होता. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, रात्रभर मिरवणुका आणि ३० च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का. आदल्या रात्री ढोल आणि पहाटे जमीन हलतीये, अजून काय पाहिजे. दोन संध्याकाळी बसून सहाशे शब्द लिहिले.

मग एक साधी गोष्ट केली, ती आधी करायला पाहिजे होती. प्रिंट काढली आणि जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याखाली निळी रेघ, जे नंतर कुणी सांगितलं किंवा पेपरात, टीव्हीवर बघितलं त्याखाली लाल. पान लालभडक झालं. निळं काय उरलं, तर मांडणीवरची पातेली वाजली, आई म्हणाली ‘मांजर असेल’ आणि मी परत झोपलो. पडलेली घरं, रडणारी माणसं, सगळं पेपरातल्या फोटोंमधलं. ते फोटो इतके वर्षं डोक्यात आहेत की मला वाटत होतं मी पाहिलंय. पुण्यात झोपलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं त्यावर गळा काढणं बरं दिसत नाही, काट मारली.

९ जून

दूध पिणारा गणपती मी सुरूच केला नाही. बाईंना नुसतं विचारलं तर हसल्या, म्हणाल्या तो दर वर्षी येतो हो माझ्याकडं, कुणाची वाटी असते कुणाचा चमचा असतो एवढाच फरक. खरंच आहे. वाचणाऱ्याकडं त्या दिवसाची स्वतःची आठवण आधीच तयार असते, तो माझा लेख वाचता वाचता स्वतःचीच आठवण वाचणार.

फुलराणीचं वेगळं झालं. ते लिहायला फार मजा आली. सारसबागेसमोरची ती छोटी गाडी, शिट्टी, हातातल्या भेळेचा कागद, मामा. लिहून झाल्यावर बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली छान आहे, पण यात ‘पण’ कुठाय? मी म्हटलं म्हणजे? म्हणजे गाडीत बसलो, मजा आली, घरी आलो. कुणाचं काही बिनसलं नाही, कुणी काही लपवलं नाही, आज तुला त्यातलं काही टोचत नाही. हे खरं होतं. शिवाय ही गोष्ट मी लग्नाकार्यात इतक्यांदा सांगितलीये की तिचा किस्सा झालाय, कुठं थांबायचं, कुठं हशा येणार, सगळं ठरलेलं. असल्या आठवणीत आत शिरायला जागाच राहत नाही. मी वाक्य बदलायचा प्रयत्न केला की तोंडी पाठ झालेलं वाक्य परत यायचं.

उरलं दळण. ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलापण नाही. आता सांगितलं. ती एकच म्हणाली, ‘आजींना कळलं होतं का मग?’ आणि मला उत्तर देता येईना. तेव्हा ठरलं, हेच.

१० जून

घटना इथं नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. चौथीत होतो, स्कॉलरशिपचं वर्ष. पेठेतला वाडा. आजीनं पाच किलो गहू दळायला दिले, रेशनचे. गिरणीतून येताना मी दुसऱ्याच कुणाचा तरी डबा उचलून आणला, वाड्यातल्याच एका काकूंचा, त्यांच्यात लोकवन गहू होता. रात्री पोळ्या मऊसूत झाल्या, वडील म्हणाले आज पोळ्या मस्त झाल्यात. आजी काही बोलली नाही. काकूही कधी काही बोलल्या नाहीत. बस एवढंच. चार दिवसांनी डबा परत कसा गेला तेसुद्धा मला आठवत नाही.

१५ जून

आठवण निवडली म्हणजे निम्मं काम झालं असं वाटलं होतं. आज पूर्ण रविवार पहिल्या परिच्छेदावर गेला.

पहिला मसुदा असा सुरू होत होता : ‘आमचा वाडा दोनशे वर्षं जुना. आत शिरलं की डाव्या हाताला हौद, उजवीकडं जिना, चौकात पारिजातक.’ मग बिऱ्हाडं, मग नळावरची भांडणं, मग आजीचं वर्णन. मोजलं तर गिरणी येईपर्यंत ४३० शब्द खर्च झाले होते, पंधराशेतले. आणि त्यातला हौद पुढं कुठंच लागत नाही, जिना लागत नाही. पारिजातक तर बहुतेक शेजारच्या वाड्यात होता. पुण्याच्या वाड्यावर लिहायला बसलं की हात आपोआप हौदाकडं जातो, आपण इतक्यांदा वाचलंय ते.

दुसरा मसुदा : ‘आजी दळण निवडायची. सूप मांडीवर घ्यायची, खडे वेगळे काढायची आणि मला हाक मारायची.’ हा मला बरेच दिवस बरा वाटत होता. काय खटकतंय ते मोठ्यानं वाचल्यावर कळलं. सगळी क्रियापदं ‘यची’ ची. निवडायची, घ्यायची, मारायची. म्हणजे हे रोजचं चाललंय, कुठल्याच एका दिवशी घडत नाहीये. वाचणारा वाट बघत बसतो की आता कधीतरी ‘एके दिवशी’ येणार. तीन परिच्छेद झाले तरी ‘यची’ संपेना आणि जेव्हा ‘एके दिवशी’ आलं तेव्हा ते इतकं गोष्टीतल्यासारखं वाटलं की मीच वैतागलो.

उपाय म्हणून सगळी ‘यची’ काढून ‘ली’ केली. निवडलं, घेतलं, हाक मारली. आणि लगेच अडकलो, कारण त्या दिवशी तिनं नक्की काय केलं ते मला आठवतच नव्हतं. सूप, खडे, मांडी हे सगळं अनेक दिवसांचं मिळून झालेलं चित्र होतं. त्या एका दिवसाचं असं माझ्याकडं काय आहे? कागदावर लिहून काढलं. गिरणीतल्या काकांच्या पांढऱ्या झालेल्या पापण्या (हेही रोजचंच). डबा कोमट होता. आणि घरी येताना बोटं दुखत होती, दोन-तीनदा हात बदलला, वाड्याच्या दाराशी डबा खाली ठेवून बोटांवरचे लाल वळ बघितले.

वळांचं हे मी आत्तापर्यंत कुठल्याच मसुद्यात घेतलं नव्हतं, महत्त्वाचं वाटलं नव्हतं म्हणून.

२० जून

पालख्या पुण्यात. ऑफिसातून घरी यायला दोन तास, लिहिणं शून्य. बसमध्ये उभ्या उभ्या फोनमध्ये एक ओळ टाइप केली : ‘मी उचलला तो डबा आमचा नव्हता.’ एकदम खूश. पहिल्याच वाक्यात कॉलर पकडली वाचणाऱ्याची.

२२ जून

दोन दिवसांत ती ओळ उतरली. चौघांना पाठवली होती आणि चौघांनाही आवडली, म्हणून काढायला जास्त त्रास झाला.

अडचण अशी आहे की ते वाक्य आजचा मी बोलतोय. त्या पोराला डबा उचलताना हे माहीत नव्हतं. निदान माहीत होतं असं त्याला वाटत नव्हतं. पहिल्या ओळीत निकाल सांगून टाकला की पुढं एकच प्रश्न उरतो, आता हा पकडला जाणार कधी. मग आजी पीठ मळताना गप्प राहते ती जागा फुकट जाते, कारण वाचणारा तिच्याकडं बघतच नाही, तो माझ्याकडं बघत असतो की आता याला बोलणी बसणार.

यावरून वेगवेगळ्या ठिकाणी सुरुवात करून बघितली, प्रत्येकी शंभर-सव्वाशे शब्द, जास्त नाही. कुणी हे करणार असेल तर खरंच करून बघा, अख्खा लेख लिहीत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ताटापासून सुरुवात केली, ‘त्या रात्री पोळ्या मऊ झाल्या होत्या.’ मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, ‘मग चांगलंय की.’ बरोबर आहे तिचं. मऊ पोळी ही भानगड आहे हे कळायला आधी रेशनच्या गव्हाची चिवट पोळी माहीत पाहिजे, म्हणजे दुसऱ्याच वाक्यात मागं जायला लागतं आणि तिथून परत येईपर्यंत पोळी गार.

आजी पीठ मळतीये तिथून सुरू केलं तर लेख आजीचा होतो. ती गरीब, ती शहाणी, तिनं पोटासाठी डोळेझाक केली, आणि मी नुसता दारात उभा. काकूंच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं असेल तिथून सुरू केलं तर वाड्यातल्या बऱ्या-वाईट परिस्थितीचा लेख होतो, शिवाय ते मी पाहिलेलं नाही, लाल रेघ. गिरणीपासून सुरू केलं तर माझा हात त्यात येतो.

म्हणजे सुरुवात कुठं करतोय त्यावर दोष कुणाकडं जातो ते ठरतंय. डबा हातात आल्यानंतर सुरू केलं तर मी सुटलो, पोर होतं, चुकलं. डबा उचलायच्या आधी सुरू केलं तर मला सुटता येत नाही. मी इतके दिवस वाडा, हौद, सूप यात का रमत होतो हेही जरा कळलं.

२६ जून

सुट्टी टाकून पेठेत गेलो, गिरणी बघायला. आमच्या वाड्याच्या जागी बिल्डिंग आहे, खाली पार्किंग. गिरणी मात्र आहे, दोन गल्ल्या पलीकडं. आणि बंद. आज गुरुवार. शटरवरच लिहिलंय, गुरुवारी बंद. पुण्यात वाढलेल्या माणसानं गुरुवारी गिरणीत जावं म्हणजे कमाल आहे. रिक्षाचे जाऊन-येऊन तीनशे गेले, सुट्टी गेली.

पण शटरसमोर उभा असतानाच लक्षात आलं की माझ्या सगळ्या मसुद्यांत ‘गुरुवारची संध्याकाळ’ असं लिहिलंय. गुरुवार मला पक्का आठवतो कारण आजीचा उपास असायचा, संध्याकाळी आरती झाली की ती सोडायची, आणि त्या रात्री ती माझ्या शेजारी बसून जेवली होती. पण तेव्हाही गुरुवारी लाइट जायचे, गिरणी बंदच असायची. म्हणून तर बुधवारी संध्याकाळी तिथं झुंबड असायची. मग मी दळण आणलं कधी?

रात्री आत्याला फोन केला. ती तेव्हा लग्नाआधी आमच्यातच होती. तिला प्रसंग आठवत होता, मला वाटलं त्यापेक्षा जास्त. तिच्या म्हणण्याप्रमाणं दळण बुधवारी आलं. आजीनं नेहमीप्रमाणं डब्याचं झाकण उघडून वर फडकं टाकून ठेवलं, कारण गरम पीठ बंद ठेवलं तर त्याला घाम सुटतो आणि वास लागतो. रात्री भात-आमटी होती. पोळ्या गुरुवारी संध्याकाळी झाल्या.

माझ्या डोक्यात दोन संध्याकाळी चिकटून एक झाल्या होत्या. आणि यानं सगळंच फिरलं, कारण पीठ एक रात्र आणि एक दिवस आजीसमोर उघडं होतं. रेशनच्या गव्हाचं पीठ जरा लालसर, लोकवनचं नाही. चाळीस वर्षं पीठ मळलेल्या बाईला फडकं टाकतानाच कळलं असणार. आणि त्या पिठाच्या पोळीवर तिनं उपास सोडला.

मी आत्याला म्हटलं कळलं होतं ना तिला? आत्या म्हणाली ते मी कशी सांगू, पण डबा बघूनच कळायला पाहिजे होतं की, आपल्या कडीला चिंधी होती ना. मी म्हटलं कसली चिंधी. ‘अरे तुझ्या हाताला रुतू नये म्हणून आमच्या आईनं लुगड्याची चिंधी गुंडाळून शिवली होती कडीला, तुझ्यासाठीच.’

फोन ठेवल्यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. बोटांवरचे वळ मला आठवत होते, ते का पडले ते आज कळलं.

२८ जून

शनिवारी परत गेलो, गिरणी चालू. मालक तरुण आहे, पूर्वीच्या काकांचा कुणी नाही. दीड तास बाकावर बसलो, मधे स्वतःचे दोन किलो गहूपण दळून घेतले म्हणजे बसायला कारण.

बसल्यामुळं काही गोष्टी दुरुस्त झाल्या. डबे रांगेत जमिनीवर असतात, आणि दळणारा माणूस ते हातानं उचलत नाही, पायानं सरकवतो, हात पिठाचे असतात. मी लिहिलं होतं ‘काकांनी डबा उचलून ठेवला’. दुसरं, खाली जिथं पीठ पडतं तिथं कापडाची लांब बाही असते, काका तिच्यावर मधून मधून थापटी मारतात म्हणजे आतलं चिकटलेलं खाली येतं. तो आवाज मी विसरलोच होतो. तिसरं, वर धान्य ओततात ते तोंड चौथीतल्या पोराच्या डोक्याच्या वर असतं, त्यामुळं ‘गहू आत गोल फिरताना बघत राहिलो’ हे माझं लाडकं वाक्य गेलं. मोठेपणीच बघितलेलं असणार ते.

आणि एक, जे लेखात घेणार नाही पण नोंदवतो, की आधीच्या माणसाचं थोडं पीठ पुढच्याच्या डब्यात येतंच. ज्वारीच्या मागं गहू दळला तर पहिला ओंजळभर मिसळलेला असतो, म्हणून लोक विचारतात आधी काय दळलं. हे वापरायचा फार मोह झाला, एक मोठं वाक्यही सुचलं होतं सगळ्यांचं पीठ एकमेकांत असतं वगैरे. ते वहीतच राहू दे.

५ जुलै

आता प्रश्न नेमका झाला. दृश्य गिरणीत सुरू करायचं हे पक्कं. पण गिरणीत कुठं?

रांगेत उभं राहण्यापासून केलं तर लांबतं. डबा उचलण्यापासून केलं तर उशीर होतो, कारण तिथं एकसारखे दोन डबे होते हे वाचणाऱ्याला माहीतच नसतं, ते मला समजावून सांगायला लागतं आणि समजावलं की मेलं. म्हणजे मला अशी जागा पाहिजे जिथं दोन्ही डबे पहिल्यांदा एकत्र दिसतात आणि अजून काही घडलेलं नाहीये. त्याच्या आधीचं सगळं उडवायचं, नंतरचं काही उडवायचं नाही.

ती जागा काकांच्या पायात सापडली. आत्ताचा मसुदा :

‘गिरणीवाल्या काकांनी माझा डबा पायानं सरकवून दुसऱ्या एका डब्याला टेकवला आणि तासाभरानं ये म्हणाले. दोन्ही डबे डालड्याचे, दोन्हींवरचं झाड अर्धं खरवडलेलं. आमच्या कडीला चिंधी होती. उद्या गिरणी बंद म्हणून गर्दी होती, बाहीवर थापटी बसली की पीठ उडायचं आणि तेवढ्यापुरतं कुणाला काही दिसायचं नाही.’

त्यानंतर एक ओळ मोकळी सोडून थेट : ‘येताना कडी बोटांत रुतत होती. दत्ताच्या देवळाशी हात बदलला, वाण्याच्या दुकानाशी परत बदलला.’

डबा उचलण्याचा क्षण दाखवलाच नाही. तो मला आठवत नाही, निळी रेघ मारता येत नाही, म्हणून सोडला. चिंधी पहिल्या परिच्छेदात आहे, दुसऱ्यात नाही. त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलंय. पोरानं ओळखलं होतं की नव्हतं हे मला आजही माहीत नाही, हात दोनदा बदलला म्हणजे डब्याकडं दोनदा बघितलं असणारच, पण तो निवाडा मी करत बसलो तर लेख तिथंच संपतो.

‘उडायचं’, ‘दिसायचं’ ही दोन ‘यचं’ मुद्दाम ठेवलीत. त्या एका तासातली आहेत, वर्षभरातली नाहीत, त्यामुळं चालतात असं मला वाटतं. मोठ्यानं वाचलं तरी अडखळत नाही.

६ जुलै

तिघांना वाचायला दिलं, आधी काही न सांगता, आणि दुसऱ्या परिच्छेदानंतर थांबवून एकच विचारलं, काय झालंय? बायको लगेच म्हणाली डबा बदलला. ऑफिसातला मित्रही म्हणाला, पण त्याला परत वर जाऊन बघायला लागलं. मुलगी म्हणाली, डबा जड होता. तिला कडी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, तिनं असला डबा पाहिलाच नाहीये. पंधरा वर्षांच्या मुलीनं अडखळावं इतपत मला चालेल, दिवाळी अंक वाचणाऱ्यांनी कड्या पाहिल्यात.

आवडलं का असं मुद्दाम विचारलं नाही. २० जूनच्या ओळीला चौघांनी ‘भारी’ म्हटलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

७ जुलै

आत्याला वाचून दाखवलं. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, काकूंचं घर आणि मजला बदल, त्यांची मुलं पुण्यातच आहेत. ते केलं, आता त्या ‘समोरच्या’ आहेत, खऱ्या कुठल्या होत्या ते इथंही लिहीत नाही. दुसरं, सहज म्हणाली की त्यानंतर आजीनं तुला गिरणीत पाठवलंच नाही, मलाच जायला लागायचं, माझी चिडचिड व्हायची. मला वाटत होतं स्कॉलरशिपचा अभ्यास म्हणून माझं जाणं बंद झालं. ही ओळ शेवटाच्या आसपास कुठंतरी लागणार. सुरुवातीत अजिबात नको, तिथं टाकली की आजीला कळलं होतं हे लगेच सिद्ध होतं.

१२ जुलै

बाईंना फक्त सुरुवात पाठवली होती, अंदाज घ्यायला. त्यांचा निरोप आला, चांगलं आहे, पण चिंधी कशाला होती ते एका ओळीत सांगा, नाहीतर लोकांच्या लक्षातून निसटेल. आणि वाड्याचं थोडं वर्णन हवं, वाचकांना आवडतं.

वाड्याला नाही म्हटलं. चिंधीवर दोन दिवस घोळ घातला. ‘माझ्या हाताला रुतू नये म्हणून आजीनं बांधलेली चिंधी’ असं लिहिलं तर पुढच्या परिच्छेदातलं रुतणं आधीच सांगून झालं, शब्दसुद्धा तोच. पण त्यांचंही चूक नव्हतं, नुसती ‘चिंधी होती’ ही डब्यावरच्या झाडासारखीच एक खूण वाटत होती, तिच्यामागं कुणी माणूस आहे हे दिसत नव्हतं. शेवटी असं केलं : ‘आमच्या कडीला आजीच्या लुगड्याची चिंधी शिवलेली होती.’ तीन शब्द वाढले. कशासाठी ते सांगितलं नाही, कुणी ते आलं.

बाई म्हणाल्या ठीक आहे, वाड्याचं बघू.

१९ जुलै

सुरुवात बंद, आता तिला हात लावायचा नाही. पहिले दोन परिच्छेद मिळून १३० शब्दांच्या आत बसलेत. पुढचा बुधवार रात्रीचा भाग, फडकं आणि झाकण, तोही झालाय कारण सुरुवात पक्की झाल्यावर तो एका बैठकीत आला. गुरुवारचं जेवण अडलंय. वडिलांचं ‘आज पोळ्या मस्त झाल्यात’ हे वाक्य आजीच्या पहिल्या घासाच्या आधी घ्यायचं का नंतर, हे ठरत नाहीये. आत्याला विचारलं, तिला आठवत नाही. दोन्ही लिहून ठेवलेत, उद्या मोठ्यानं वाचून बघतो.